ऐकलेल्या पाखरांचा रकाना

ठमे,

तुझी आई गेल्याचा फोन आला आणि तुझ्या पाखरांच्या तक्त्यातला तिचा रकाना माझ्याकडे आला. दिसलेली पाखरं तू मोजायचीस, नुसती ऐकलेली मी. तेव्हापासून माझ्या रकान्यातले चष्मेवाले आणि शिंजीर हे चिमुकले पक्षी पार आटले. "आईबरोबर तेही गेले," मी म्हणालो.

काल तूच बोट ठेवलंस. "बाबा, दिसणारे शिंजीर तेवढेच आहेत. ऐकलेले कावळे-पारवेही तेवढेच. मग बारीक आवाजाचेच कसे हो गेले?" कुंपणावर एक शिंजीर बसला होता. त्याची चोच हलत होती, मला काहीच ऐकू येत नव्हतं. "पाखरं नाही, मोजणारा बदलला," म्हणालीस आणि जीभ चावलीस. वाईट वाटून घेऊ नकोस, बरोबर पकडलंस.

मी कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. जेवण झाकून ठेवलंय. माझे आकडे खोडू नकोस, त्यांच्यापुढे 'बाबांनी ऐकले' एवढं लिही.

मी चालवतो त्या क्रेनखाली माणसं उभी असतात आणि थांबायचा इशारा बारीक शिट्टीचा असतो. आज रजा टाकलीये. का टाकली, ते साहेबांना अजून सांगितलेलं नाही.