पहिल्या हाताचं नाव

२९ एप्रिल १९४९, शुक्रवार
श्रीराम. काष्टीच्या बाजारातून आलं: हळकुंडं सव्वा शेर, १ रु. ४ आ. तिळाचं तेल दोन शेर, ३ रु. सुपाऱ्या, नाडा, कुंकू मिळून ११ आ. आंब्याचे डहाळे राहीबाईंच्या मळ्यातून, फुकट. साखर रेशनचीच, पुरवून वापरायची.
सासूबाई असत्या तर हळकुंडं वास घेऊन घेतली असती. मी नुसती मोजून घेतली.
नणंदेचं, कुसुमचं लग्न इतक्या घाईनं करायला नको होतं. पण आई गेल्यावर वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं मामंजींचं म्हणणं. तेव्हा ९ मे ठरली. मुलगा श्रीरामपूरचा, शाळामास्तर.

१ मे, रविवार
कुसुमचे हात आज पुन्हा थरथरले. नुसतं कुणीतरी म्हणालं, ‘‘आई पाहिजे होती गं आज.’’ वाटी पडली, दातखीळ बसायच्या बेतात. वैद्यबुवांनी सासूबाईंच्या दिवसांतच बजावलं होतं, मुलीला धक्का बसेल असं बोलू नका.
हळदीचं काय करावं? आमच्याकडची गाणी निम्मी रडवणारी. माहेर सुटलं, माय परकी झाली... ती ऐकून ही पाटावर कोसळेल. वऱ्हाडासमोर. मग सासरचे म्हणतील, मुलगी आजारी आहे. जमलेलं मोडायला एवढं पुरतं.

२ मे, सोमवार
राहीबाईंकडे गेले. शेजारच्या मळ्यातल्या. गावातली एकही हळद त्यांच्या गळ्यावाचून होत नाही. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, ‘‘चिडवायची गानी म्हनू. पर त्याला बी हात हलका लागतो वहिनी.’’
हलका म्हणजे कसा, ते विचारून टिपून ठेवलं. टोमणा नेहमी नवऱ्यावर नाहीतर विहिणीवर, नवरीवर कधी नाही. तिच्या रंगावर, उंचीवर एक शब्द नाही. आवाज आधी खालचा, ती हसली की चढवायचा. तिची हनुवटी खाली गेली की पुढची ओळ लगेच आचाऱ्यावर नाहीतर भावावर फिरवायची. मध्ये थांबून तिला उत्तराची ओळ द्यायची, म्हणजे ती नुसती ऐकणारी राहत नाही, गाणारी होते. आणि अंगाला हात लावायच्या आधी गाण्यातच सांगायचं कुठं लागणार, म्हणजे दचकत नाही.
एवढं सगळं त्या कधी बोलून दाखवत नाहीत. नुसतं करतात.

४ मे, बुधवार
राहीबाईंशी बसून ओळी बसवल्या. देवपूजा उरकून, जात्यापाशी. दोन-तीन माझ्या:
हळद लावू गं पाउलाला,
नवरदेव भितो बागुलाला.
हळद लावू गं खांद्याला,
नवरा रडतो कांद्याला.
राहीबाई पोट धरून हसल्या. ‘‘अवं मॅट्रिक झालेल्या तुमी, आन् कसलं वंगाळ सुचतंय!’’
मग नावांपाशी अडलं. शेवटी हळद लावणाऱ्यांची नावं गुंफतात. हळदीचा हात गं कुणाकुणाचा? पहिला हात आईचा. मी म्हटलं, तो सोडा, माझं नाव घाला. थोरली सून, लावणारी मीच.
राहीबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, ‘‘न्हाई वहिनी. गेलेल्या आईचं बी नाव घेत्यात. हात तिचा, बोटं तुमची. आईबिगर हळद चढत न्हाई.’’
मी म्हटलं, ‘‘ती पडली तर?’’
‘‘पडंना. रडंल न् मोकळी व्हईल.’’
‘‘सासरच्यांसमोर?’’
त्या पदर झटकून उठल्या. माझंच चाललं.

७ मे, शनिवार
घाणा भरला. मुसळाला आंब्याची पानं बांधली, पाच सुवासिनी, जात्यावर हळद. सासूबाईंची जागा माझी. पदर खांद्यावर नीट राहीना. कुसुम दारात उभी राहून बघत होती. हात तिचे शांत होते. देवाला दिवा लावला, म्हटलं, उद्याचा दिवस एवढा निभावून ने.
वऱ्हाड संध्याकाळच्या गाडीनं उतरलं. जानवशावर सोय केली आहे.

८ मे, रविवार
सकाळी नवरदेवाला हळद लागली. त्याची उष्टी हळद घेऊन त्याची बहीण व दोघी बायका आल्या, तोंडं भरून हसत. इकडे कुसुम पाटावर, पिवळं नेसलेली.
राहीबाईंनी खालच्या आवाजात सुरुवात केली. मी आंब्याच्या पानानं पाउलाला लावली, मग गुडघ्याला. बागुलाची ओळ आली. कुसुमच्या ओठाचा एक कोपरा हलला. करवली म्हणाली, ‘‘आमच्या दादाला कोण भित्रा म्हणतंय गं?’’ राहीबाई तिच्यावर वळल्या, ‘‘करवली बोलते गडबड, तिला हवं पुरणाचं सुगड!’’ सगळ्या हसल्या. आवाज चढला.
कांद्याची ओळ झाली. राहीबाई थांबल्या, कुसुमकडे हात केला. मग ती बारीक आवाजात, पण सुरात:
कांदा चिरीन मी दाराबाहेर,
तेवढं तुम्ही करा आहेर.
एकच हशा! मामंजी ओसरीवर होते, तेही हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, जिंकलं मी.
मग नावं.
हळदीचा हात गं कुणाकुणाचा?
पहिला हात थोरल्या वहिनीचा...
कुसुमचं हसू जिथल्या तिथं राहिलं. ओठ तसेच, डोळे नाहीत. माझं पान तिच्या कपाळाशी होतं. हात थरथरले नाहीत तिचे. मांडीवर नुसते ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. पुढची पाच नावं झाली. तिनं मान उचलली नाही.
राहीबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

९ मे, सोमवार
लग्न लागलं. सगळं यथासांग. कुणी काही म्हणालं नाही, उलट विहीणबाई म्हणाल्या, ‘‘मुलगी शांत आहे हो तुमची.’’
निघताना मी ओटी भरली. तेव्हा ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, ‘‘वहिनी, आईचं नाव तुम्ही खोडलंत?’’
मी म्हटलं, ‘‘तुला त्रास होईल म्हणून.’’
‘‘मी दोन दिवस त्याच नावाची वाट बघत होते. तेवढ्यासाठी धीर धरून बसले होते.’’
गाडी आली. नमस्कार केला तिनं, वाकून, नीट. रडली नाही.

१५ मे, रविवार
हे मांडवपरतणीला तिला आणायला गेले होते. एकटेच परत आले. कामं आहेत, आषाढात बघू, म्हणाली. माझ्यासाठी काही निरोप? ‘‘नाही.’’ तब्येत? ‘‘बरी दिसली. बोलत नाही फारशी.’’
सासूबाईंच्या तसबिरीला हार घातला. त्यांच्याकडे फार वेळ बघवेना.

१९ मे, गुरुवार
उपास. राहीबाई ताक घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं, रडले. त्या म्हणाल्या, ‘‘माझं बी चुकलं. गानारीनं ऐकायचं नसतं कुनाचं.’’ ताक पुढे सरकवत म्हणाल्या, ‘‘तिलाच इचारा ना. तिची आई, तिची ओळ.’’

२१ मे, शनिवार
पत्र टाकलं. नक्कल:

चि. सौ. कुसुम हिस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. मामंजी तुझी आठवण काढतात.
तुझ्या हळदीत माझं चुकलं. तू पडशील या भीतीनं मी तुझा आधारच काढून घेतला. त्यावर आणखी लिहीत नाही.
राहीबाई म्हणतात, ती जागा अजून रिकामी आहे, ओळ उशिरा बसली तरी चालते. पण ती मी करू नये. सासूबाईंचा हात कपाळाला कसा लागायचा, ते तुलाच ठाऊक. दोन ओळी लिहून पाठव. चाल राहीबाई बसवतील आणि आषाढात तू आलीस की पाच जणींत म्हणू, हळद लावून. नवरीची हळद नसली म्हणून काय झालं?
लिहावंसं वाटत नसेल तर तसं लिही. रागही लिही. पण गप्प राहू नकोस गं. उलट टपाली कळव.