संध्याकाळचा बाबा

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं म्हणजे ठरलं. आजपासून संध्याकाळ लेकीची, पूर्वीची. पोरगी सहा वर्षांची झाली आणि सोमवार ते शनिवार मी तिला फक्त झोपलेली बघतो. शिफ्ट सुटली की चाकणहून पहिली कंपनी बस. कुणी थांब म्हटलं तर ‘नाही’. सोपंय. मी मुळात ठाम माणूस.

३ नोव्हेंबर, बस चुकल्यावर
आमचे डिस्पॅच मॅनेजर ज्ञानेश सर म्हणाले, जाता जाता एका ट्रकचे कागद करून गाडी काढ. मी म्हणालो, बघतो. हा नकारच होता. त्यांना कळला नाही.

५ नोव्हेंबर
आज कारण दिलं. मुलगी आजारी आहे म्हटलं. (नाहीये.) सर म्हणाले, अरेरे, मिसेस आहेत ना घरी? मग थांब. म्हणजे कारण दिलं की समोरचा त्यातच शिरतो.
घरी आलो तर सोफ्यावर कुणीतरी बसलेलं. दिवा लावला. बैठकीचा लोड होता. अंगात माझा निळा शर्ट, गळ्यात माझं जुनं आयकार्ड. माझी बायको अनुया म्हणाली, हा संध्याकाळचा बाबा, आपली पूर्वी रोज त्याला शाळेतलं सगळं सांगते. काय कल्पनाशक्ती! माझ्यावरच गेलीय. लोड उचलून ठेवणार होतो. हात लावायचं धाडस झालं नाही.

७ नोव्हेंबर
प्लॅनिंग! अडतं कुठे, तर ट्रान्सपोर्टवाला नवनाथ गाडीनंबर संध्याकाळी देतो, आणि नंबराशिवाय मालाचं ई-वे बिल पुरं होत नाही, बिलाशिवाय गाडी सुटत नाही. त्याला फोन केला: सोमवारपासून दुपारी तीनपर्यंत नंबर, नाहीतर माल दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला. तो म्हणाला, भावा, तब्येत बरीय ना? सरांनाही सकाळीच तसा मेल टाकला. इनव्हॉइस जेवणाआधी उरकायचे.

९ नोव्हेंबर, रविवार
पूर्वीबरोबर नकाराची प्रॅक्टिस. ती सर झाली. वाक्य एकच: आज जमणार नाही, उद्या सकाळी चालेल? कारण नाही, पर्याय हवा. मी हसतो म्हणून तिने मला नापास केलं. मग तिनेच म्हणून दाखवलं. लोड सोफ्यावरून आमच्याकडे बघत होता. उगाच वाटलं असेल.

१० नोव्हेंबर
नवनाथचा नंबर वेळेत. निघताना सरांनी हाक मारली. म्हणालो वाक्य. आवाज चिरका आला, पण आला. सर म्हणाले, ठीक आहे. एवढंच! चार वर्षं मी कशाला घाबरत होतो?
बसमध्ये मोशीपर्यंत खिशातला फोन थरथरत होता. काढून बघितला, काही नाही. परत थरथरला. काही नाही.
रहाटणीला घरी पोचलो तेव्हा पूर्वी जागी! लोडाच्या कानात काहीतरी सांगत होती. मला बघून गप्प झाली. म्हटलं, मलाही सांग की. तिने लोडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आज जमणार नाही, उद्या सकाळी चालेल?
हसली नाही. कारण दिलं नाही. पर्याय दिला. पास.
सकाळी माझी बस येते तेव्हा ती झोपलेली असते.