तक्रार विभागात काहीही बदललेलं नाही

२ जून, रात्र
मॅनेजर झालो. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी घेणारे आम्ही पाच जण होतो; आता ते चार आणि मी. लंबूनेही अर्ज केला होता. नऊ वर्षं आम्ही शेजारी बसतोय. त्याचं अभिनंदन संध्याकाळी आलं, पण आलं. सगळ्यांना सांगितलं, माझ्यात काडीचाही बदल होणार नाही. आमच्यातल्या सर्वांत जुन्या ताई म्हणाल्या, बघू.
संकल्प: लंबूशी त्याच्या अर्जाबद्दल निवांत बोलायचं.

५ जून
बोललो नाही. उगाच खपली कशाला काढा? ड्यूटीचा तक्ता लावला, त्यात लंबूला चारही शनिवार सुट्टी दिली. मन मोकळं करण्याची ही माझी पद्धत. ताईंनी विचारलं, आम्ही काय पाप केलंय? मी हसलो. ताईंना विनोदबुद्धी आहे.

११ जून
आमच्या ग्रुपवर आठ दिवस एकही मेसेज नाही. लंबूच्या मोबाइलवर दुसराच ग्रुप दिसला. नाव 'चौघे'. मला कामात व्यत्यय नको म्हणून असेल. समजूतदार माणसं.

१६ जून, दुपार
जेवणाच्या टेबलावर वरच्या साहेबांना नावं ठेवणं चाललं होतं. मला पाहून थांबलं. वाईट वाटलं नाही. फक्त वातावरण सैल व्हावं म्हणून लंबूला बाजूला घेऊन सांगितलं, ताईंना दुसऱ्या शाखेत पाठवायचं चाललंय, तुझ्यापुरतं ठेव. त्याने मान डोलावली. अगदी पूर्वीसारखं वाटलं.

१७ जून
ताईंना कळलं. म्हणाल्या, सगळ्यांत शेवटी मला कळलं, तेही दुसऱ्याकडून. मी सांगितलं, अजून नक्की नाही. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर पाणी आणून दिलं असतं.
साहेबांनी बोलावलं. मीटिंगमधली गोष्ट बाहेर गेली कशी? आणि लंबू दोन आठवडे रोज उशिरा येतो, ते दिसत नाही का?
संकल्प: कडक व्हायचं.

१८ जून
लंबूला लेखी ताकीद दिली. तोंडी एकदाही बोललो नव्हतो, पण नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, आधी एकदा विचारलं असतंस तर? त्याच्या बायकोचा पाय मोडलाय, सकाळी मुलीला शाळेत तोच सोडतो. मला माहीत नव्हतं. 'चौघे'वर आलं असेल.

२४ जून
ताईंची बदली रद्द. त्यांना स्वतः सांगितलं. म्हणाल्या, कालच कळलं.

३० जून
लंबू पत्रव्यवहार विभागात चालला, स्वतः मागून. अर्जावर माझी सही लागते. केली. तो म्हणाला, थँक यू, सर. मी म्हटलं, अरे, सर काय? तो म्हणाला, बरोबर आहे, उद्यापासून नाही.
अर्जाच्या दोन प्रती लागतात, मी एकच काढली होती. दुसरी काढायला गेलो. मशीनमध्ये कागद अडकला होता. तो सोडवून परत आलो, तेव्हा त्याचं टेबल रिकामं होतं. दुसऱ्या प्रतीवरही सही केली.