आईचं लिहून होईपर्यंत

वाल्तेर,

मी संत्र्यांच्या गोदामावर चालले आहे, तीनला येईन. तोवर पलीकडच्या गल्लीतून आपल्या आईचे मेसेज तुलाच येतील.

तिचा हात थरथरतो, त्यामुळे वाक्य पुरं व्हायच्या आतच मेसेज सुटतो. पहिल्या तुकड्याला लगेच उत्तर देऊ नकोस, ती गोंधळते आणि लिहिणंच सोडून देते. पाच मिनिटं थांब, सगळे तुकडे सलग वाच. मग हो किंवा नाही म्हणता येईल असा एकच प्रश्न विचार. अंगठे दोन आले तरी 'हो' एकच समज, बोट दोनदा पडतं. दहा वाजताच्या थरथरीच्या गोळीनंतर तासाभरानेही अक्षरं विस्कटलेली आली, तर गोळी राहिली असेल. मग तिच्या आवडत्या 'माते' चहाचा थर्मास घे आणि सरळ तिच्याकडे जा.

काल दुपारी दुसऱ्याच तुकड्यावर "बरं आई, आराम कर" लिहून तू मोकळा झालास. त्यानंतर तिने मला पाच तुकडे पाठवले, चाळीस मिनिटं लागली बिचारीला. मी ते जोडून तिला विचारलं, तिने अंगठा दिला. तू रविवारपर्यंत राहशील का, एवढंच तिला विचारायचं होतं.

उत्तर मी दिलेलं नाही.

नेल्बा