जोमोन फणसाच्या झाडावर

सिबी,

मी सकाळच्या बसने तुझ्या बहिणीकडे, लिजीकडे कुमळीला जातेय. मातीच्या भांड्यात माशाची आमटी आहे, तेवढी गरम करून घे.

तिचा नवरा जोमोन पाच महिने घरीच नाहीये!

काल मी तिचं माझं जुनं चॅट मागे जाऊन वाचलं. पोरींचा निकाल, मिरीचा भाव, काहीही विचारा, ती सविस्तर लिहिते. फक्त "जोमोन कसा आहे?" म्हटलं की पटकन जोक, आणि लगेच आपल्यालाच उलटा प्रश्न. दर वेळी! कालही तेच: "फणसाच्या झाडावर चढलाय, उतरला की सांगते. तुझी कंबर काय म्हणते, चेच्ची?"

मी हसले. कंबरेचंही सांगितलं. मग एवढंच लिहिलं, "तो उतरला नाही, तरी मला सांगू शकतेस. आज नको तर आज नको." पुन्हा विचारलं नाही. तासाभराने तिचं उत्तर आलं: "तो नाताळातच घर सोडून गेला, चेच्ची. रोज नवा जोक जुळवून दमले गं."

ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस. तुझ्या आईला, अम्मच्चीला, ती स्वतः सांगेल. संध्याकाळी तिला फोन कर, पण जोमोनचा विषय तू काढू नकोस. ती जोक मारेलच. खुशाल हस. फक्त हसून झाल्यावर फोन ठेवू नकोस. पाच महिने आपण तेच केलं.

मेर्ली