शेवट सांगू नकोस, लिओन

वेंगुर्ले,
रविवार, चर्चमधल्या मिसाहून आल्यावर

चि. लिओन यास बायचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? तिकडच्या इस्पितळात धिप्पाड आयरिश म्हातारे उचलून उचलून ती कामातून गेली, असं तू शेवटच्या फोनवर म्हणाला होतास. तेल लावतोस का? लावत नसशील. लावायला कोण आहे तिथे? माझं म्हणशील तर गुडघा सोडून बाकी सगळी मी उत्तम आहे. काजूची झाडं बरी आहेत, मांजर बरं आहे, शेजारचा दत्ताराम बरा आहे (एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या पडवीत चढताना अजून ‘पुढे सरका’ म्हणतो, आणि पडवीत मी एकटीच असते). तू म्हणशील, बायने फोन सोडून कागद का घेतला? कारण कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. गेले कित्येक आठवडे तुझं तोंड हाच माझ्या घरातला मोठा प्रश्न झालेला आहे.

आठवतंय ना, मागच्या नाताळात तू तुझा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेलास आणि त्यात तो बेटाचा खेळ भरलास? दीपगृहात दिवा लावणारा म्हातारा नाहीसा झालाय आणि आपण त्याची मुलगी होऊन त्याला शोधायचं. मी म्हटलं, जन्मभर पोरांना भूमिती शिकवली, आता या वयात कसले खेळ? मग तू कळफलकाशी बसलास, मी शेजारी वहीवर नकाशे काढायला बसले, आणि नेवऱ्यांचा डबा संपायच्या आत तुझ्या हातातला माऊस मी हिसकावून घेतला होता. तू परत गेल्यावर आपला करार झाला. दर रविवारी दोघांनी एकेकच प्रकरण खेळायचं, तू तिथे, मी इथे. मग फोनवर काय काय सापडलं ते बोलायचं. कुणी पुढे जायचं नाही, आणि उत्तरं देणारी मार्गदर्शिका कुणी उघडायची नाही. किती छान चालला होता रे तो करार. रविवार म्हणजे मिसा, बांगड्याची कढी आणि तू.

आणि मग साहेबांना चार दिवस ताप आला, अंथरुणात पडल्या पडल्या साहेबांनी अख्खा खेळ संपवला. संपवलास ते संपवलास, एक वेळ तेही चाललं असतं. पण फोनवर मला म्हणतोस, ‘त्या म्हाताऱ्याचा आवाज येईल तेव्हा हेडफोन लाव हां, बाय.’ तुला वाटलं, तू मला हेडफोनबद्दल सल्ला देतोयस! मी त्या म्हाताऱ्याला मेलेला समजून चालले होते. त्याची चप्पल खडकावर सापडली तेव्हा मी त्याच्यासाठी एक आमेन सुद्धा म्हटला होता. आणि तू एका वाक्यात त्याला उठवून बसवलंस. (जुनी ध्वनिफीत असेल, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. पण तुझ्या आवाजात ती ध्वनिफीत नव्हती.) शेवट सांगणं म्हणजे फक्त शेवट सांगणं नसतं, हे तुला कळत नाही. ‘पुढे मजा आहे’ म्हटलं की आत्ताची मजा गेली. ‘मी काही सांगत नाही’ असं हसून म्हटलं की सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे सांगून झालं. म्हणून मी हुकूम काढला की माझा खेळ पुरा होईपर्यंत फोन बंद. तू हसलास. आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या फोटोच्या जागी पेटलेल्या दिव्याचा फोटो लावलास! तो दिवा आपल्या बेटावरचा आहे हे मी ओळखलं, डोळे मिटले आणि चाचपडत फोन बंद केला. तेव्हापासून तुझा आवाजही नाही आणि तोंडही नाही. शेवट बाहेर ठेवायचा म्हणून मी दार लावून घेतलं, तर त्या दाराबाहेर तूच राहिलास.

आता वाटलं होतं, दोन-तीन रविवारांत उरलेलं संपवीन आणि तुला फोन करीन. पण मी त्या समुद्राच्या गुहेत अडकले. तुला ठाऊकच आहे ती. भिंतीवर पूर्ण चंद्र कोरलाय आणि खाली लिहिलंय की चंद्र भरेल तेव्हा समुद्र वाट देईल. मला हसूच आलं. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे कोडं घालायचं म्हणजे कमालच. पुनवेला उधाण येतं, म्हणजे भरती मोठी आणि सुकतीही मोठी, पाणी खूप मागे हटतं. आणि आपल्याकडे पुनवेची ती मोठी सुकती सूर्य उगवायच्या आणि मावळायच्या सुमाराला असते. तेव्हा खेळातलं घड्याळ फिरवून मी प्रत्येक पुनवेची पहाट आणि प्रत्येक पुनवेची संध्याकाळ त्या गुहेच्या तोंडाशी काढली. पाणी जागचं हललं नाही. मग मला वाटलं, काहीतरी वस्तू राहिली असेल. म्हणून सगळं बेट पुन्हा पालथं घातलं. मग वाटलं, खेळच बिघडलाय. खेळांत अशा चुका राहतात, मागाहून बनवणारे दुरुस्ती पाठवतात, हे तूच शिकवलंयस. दुरुस्ती आलेली होती, तीही घातली. पाणी तिथेच. खरं सांगते, खेळाचा राग नव्हता रे तो. ते पाणी जितके दिवस हलत नव्हतं तितके दिवस तुझा फोन येणार नव्हता, म्हणून मला रडू येत होतं.

शेवटी मार्गदर्शिका शोधायचं ठरवलं, पण तिथे तर प्रत्येक पावलाला खड्डा. खेळाचं नाव टाइप करायला घेतलं, तर फोन स्वतःच पुढचं सुचवायला लागला, की म्हातारा का पळाला, की मुलगी शेवटी काय निवडते. (काय निवडते म्हणजे? निवडायचं असतं?) व्हिडिओंवर तर शेवटचीच चित्रं चिकटवलेली, आणि खालच्या अभिप्रायांत लोक रडताहेत. लिहिलेली मार्गदर्शिका मिळाली, तर तिच्या अनुक्रमणिकेतच पुढच्या प्रकरणांची नावं. तेवढ्यात मी तळहाताने पडदा झाकला म्हणून बरं. नाहीतर अजून किती उरलंय हेही कळलं असतं, आणि किती उरलंय ते कळलं की माणूस शोधायचं सोडून संपवायला लागतो.

तेव्हा मला दत्ताराम आठवला. तो रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतो आणि मग निवांतपणे खून होऊ देतो. (सगळ्यांनी माझ्यासारखंच खेळावं असं माझं म्हणणं नाही. त्याला त्यातच सुख आहे.) मी त्याला म्हटलं, तू ती मार्गदर्शिका वाच, मी प्रश्न विचारीन, तू फक्त ‘होय’ किंवा ‘नाय’ म्हणायचं. तो बाकावर बसला, चष्मा लावला, वाचायला लागला, आणि थोड्याच वेळात उपरण्याने डोळे पुसायला लागला. मी किंचाळले. गुहेपाशी थांब म्हणून सांगितलं होतं, पण हा गाडी थेट शेवटच्या थांब्यावर घेऊन गेला होता! शेवटी त्याला माझ्याकडे पाठ करून, माडाकडे तोंड करून बसवलं आणि विचारलं, माझ्याकडे लागणाऱ्या सगळ्या वस्तू आहेत का? होय. जागा हीच का? होय. दिवस पुनवेचाच? होय. वेळ बरोबर आहे? यावर त्याची पाठच हसायला लागली आणि तो म्हणाला, ‘नाय गो बाय! तू वेंगुर्ल्याचा असंस म्हणान अडाकलंस!’

हे शेवटचं वाक्य करारात नव्हतं, पण मी ते माफ केलं, कारण उत्तर न सांगता त्याने बरोबर तिथे बोट ठेवलं होतं. मी विचार करत बसले. वेंगुर्ल्याची नसते, तर मी काय केलं असतं? चंद्र डोक्यावर आला की जाऊन बघितलं असतं, एवढंच. पण पुनवेचा चंद्र डोक्यावर असताना आपल्याकडे मोठी भरती असते. त्या वेळी खडकातल्या गुहेत कोणता शहाणा माणूस शिरतो? मी एकदाही गेले नव्हते. त्या दिवशी गेले, आणि ज्या क्षणी इथला समुद्र बंदराच्या पायऱ्या गिळतो, त्याच क्षणी त्या बेटावरचा समुद्र गुमान मागे गेला. खेळ बनवणाऱ्याने समुद्र नुसता चित्रात पाहिलेला असावा. तेव्हा माझं मत आता पक्कं झालंय. सुचेल ते सगळं करून झालं, एक झोप काढून पुन्हा बघून झालं, आणि तरीही वाट नसेल, तर विचारण्यात कमीपणा नाही. पण आधी विचारायचं ते एवढंच, की मी योग्य जागी उभी आहे का. उत्तर विचारायचं ते अगदी शेवटी. आणि चूक कोडं घालणाऱ्याचीच असेल, तर मार्गदर्शिका बघणं ही लबाडी नव्हेच. मात्र दुसऱ्याने न विचारता सांगणं ही कायम लबाडी, आणि त्यात ताप आल्याची सबब चालत नाही.

तर गुहा ओलांडली, वरचा जिना चढले, आणि आता मी एका बंद दारासमोर उभी आहे. आतून म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज येतो. (हेडफोन लावले होते. तू म्हणालास तसेच.) तिथे खेळ साठवून ठेवलाय आणि लॅपटॉप मिटून कपाटात ठेवलाय. दार उघडलेलं नाही.

पाठीला जप. थंडीत कानटोपी घाल.

तुझी,
अ‍ॅनीबाय

ता. क. दार का उघडलं नाही, हे विचारशीलच. उघडलं की संपलं. मग रविवारी आपण कशाबद्दल बोलणार? तुझा गुडघा कसा, तुझी पाठ कशी, एवढंच उरेल, आणि ते दोन मिनिटांत आटपतं. मला वाटलं, पहिलं प्रकरण पडवीत शेजारी शेजारी बसून खेळलो, तर शेवटचंही तसंच खेळू. तू नाताळाला ये.

आणखी एक. हे पाकीट चिकटवणार, तेवढ्यात दत्ताराम कोकमं घेऊन आला. बिचाऱ्याच्या पोटात ते गुपित इतके दिवस खदखदत होतं. कोकमं हातात देता देता त्याने मला सगळा शेवट सांगून टाकला, म्हाताऱ्यापासून मुलीपर्यंत, एक शब्द न गाळता. मी त्याला पायरीवरून हाकललं. पण लिओन, गंमत म्हणजे मला तितकंसं वाईट वाटलं नाही. दारामागे काय आहे ते आता मला ठाऊक आहे, आणि तरी ते दार तुझ्या शेजारी बसूनच उघडायचंय. मी आश्चर्य वाटल्यासारखं करीन. तूही कर. राखायला आता काही उरलं नाही, तेव्हा फोन सुरू कर, याच रविवारी.

शेवटचं. रजेचं विचारलं की तू जे ‘बघूया’ म्हणतोस, ते बंद कर. येतोस की नाही, एवढा एक शेवट मला आधीच सांगून टाक. ‘नाही’ असलं तरी सांग.