मधल्या चौकाचं दार

ता. ४

चि. भाऊस, अ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिलेत, मनातून निघालेले नाहीत. काल तू मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलंस. मला, या घरच्या लेकीला, आणि सोबत माझी होणारी विहीण. पुढच्या चौकात हमाल कापडाचे गठ्ठे माडीवर ओढत होते, मुनीमजी भाव सांगत होते आणि आम्ही दोघी तिथे चहा पीत होतो, जणू तागा पसंत करायला आलोय.

आपल्या घराची रीत तुला मी शिकवायची का? पेढीवरचा माणूस पुढच्या चौकात, पाहुणा ओसरीवर, सोयरा मधल्या चौकात. लेकीबाळी तर सरळ मागच्या चौकात, विहिरीवर पाय धुऊन स्वयंपाकघरात. कोण किती आत आलं त्यावरून कोण किती आपलं ते कळतं. विहिणीला मी वाटभर हेच ऐकवत होते. लग्न मधल्या चौकात लागेल, बायका वरच्या सज्जातून बघतील, तुम्हाला आईच्या खोलीपुढची जागा देईन, असं सगळं बोलून बसले होते. आणि तू मधल्या दाराला आतून कडी घातलीस. मागच्या चौकाचं बोळातलं दारही बंद. आई झोपलीय म्हणालास. आई दुपारी कधी झोपते रे? दुपारी ती सज्जात बसून खालच्या सगळ्यांच्या चुका काढते.

परतताना विहीण एवढंच म्हणाली की मोठ्या घरांची दारं जडच असतात. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. मुलीचं ठरलेलं मोडलं तर तुझ्या दारात येऊन बसेन, त्याच बाकावर. काय ते लिही.

तुझी ताई

ता. ७

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुला बाहेर बसवलं त्याची लाज तुझ्यापेक्षा मला जास्त वाटते. कडी घातली कारण मधला चौक दाखवण्यासारखा राहिलेला नाही. तिथे सगळीकडे बांबूंचे आणि वाशांचे टेकू उभे आहेत. चालायलाही वाट नाही.

आईच्या खोलीखालचा खांब आठवतो ना? त्याच्या डोक्याशी दोन बाजूंना पोपटांचं कोरीव काम केलेले दोन तिरके लाकडी हात होते. आपण त्यांना शोभेचे समजत होतो. ते शोभेचे नव्हते. दोन्हीकडच्या तुळया त्या खांबावर येऊन मिळतात. खांब वीतभर रुंद, म्हणजे प्रत्येक तुळईला टेकायला अर्धी वीतच जागा. बाकीचा भार ते हात खालून घेत होते. ते खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी ठोकलेले होते, म्हणून खुंट्या काढल्यावर अलगद निघाले आणि मलाही वाटलं, काही बिघडलं नाही. पावसाळ्यात एक तुळई खांबावरून सरकली. वरची जमीन कलली, आईच्या खोलीचं दार चौकटीत अडकलं. तिला मी पुढच्या चौकावरच्या गठ्ठ्यांच्या कोठीत हलवलंय. तिथून तिला फक्त हमाल दिसतात.

हात कुणासाठी काढले ते लिहीत नाही. तुला आठवेल. आईला मी वाळवी लागली असं सांगितलंय. ती रोज मोलकरणीकडून सगळ्या खांबांना तेल चोळून घेते.

लोभ असावा, राग सरेल तेव्हा.

तुझा भाऊ

ता. ११

चि. भाऊस, अ. आ. आणि हे खरे.

पत्र दोनदा वाचलं. मग दाराबाहेर जाऊन वर बघितलं. माझ्या नव्या घराच्या चौकटीवर दोन्ही बाजूंना पोपट. माहेरची एक तरी वस्तू दे म्हणून मीच तुझ्यामागे भुणभुण लावली होती. तू नको म्हणालास, तर मी रुसून जेवले नव्हते. ते इथे खिळ्यांवर लटकलेत. कशाचाही भार त्यांच्यावर नाही. आणि विहिणीला घर बघायला बोलावलं तेव्हा सगळ्यात आधी तेच दाखवले होते.

काल तिच्याकडे गेले. तुमच्या तोंडावर कडी भावाने नाही, मी घातली, असं सांगितलं. ती म्हणाली, लग्न आमच्या अंगणात करू, जागा लहान आहे, पण छत पडायची भीती नाही. हसली की टोचलं, मला कळलं नाही. मान खाली घालून आले.

हात आज उतरवले. खिळ्यांची भोकं पडलीत, एका पोपटाची चोच गेली. परवाच्या टेम्पोने येतील. तुळई आधी जॅकने उचलून घ्या, मगच ते खाचेत बसवा. घाईने ठोकशील तर उरलेलंही फाटेल. सुताराची मजुरी माझी, यावर वाद नको.

आईला तू काही सांगू नकोस. नसलेल्या वाळवीला ती तेल पाजतेय, हे वाचल्यापासून घास उतरत नाही. मी येऊन तिला सांगणार, मोलकरीण आणि मुनीमजींच्या देखत, कारण एकटीला गाठून सांगितलं तर ती मला लगेच माफ करून टाकेल. दिवसभरात ती सगळ्यांमध्ये कधी असते, ते शुक्रवारच्या आत कळव. शनिवारी मी निघते.

तुझी ताई